खात्यात पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत: बचत खात्यावर ‘लीन’ लागतो तेव्हा

बँकेच्या अ‍ॅपवर शिल्लक दिसते ५०,६०० रुपये. कर्जाचा हप्ता २९,५०० रुपयांचा. तरीही हप्ता परत जातो आणि कारण दिलेलं असतं ‘अपुरी शिल्लक’. शाखेत विचारलं की उत्तर मिळतं, “तुमच्या खात्यावर लीन आहे, सायबरवाल्यांकडून आलाय.” याहून जास्त काउंटरवरच्या कर्मचाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी जशा वाढल्या, तशी अशी खातीही वाढली. त्यातल्या बऱ्याच खातेदारांनी कोणालाही फसवलेलं नसतं. त्यांनी एखादी वस्तू विकलेली असते किंवा शिकवणीची फी घेतलेली असते, आणि पैसे ज्या खात्यातून आले त्या खात्याचा इतिहास त्यांना ठाऊक नसतो. हा लेख मुख्यतः अशा खातेदारांसाठी आहे.

शिल्लक एक नसते, दोन असतात

बँक तुमच्या खात्यात दोन आकडे ठेवते. एक एकूण शिल्लक, म्हणजे खात्यात जमा असलेली सगळी रक्कम. दुसरा उपलब्ध शिल्लक, म्हणजे त्यातली आज तुम्ही वापरू शकता ती रक्कम. एरवी हे दोन्ही आकडे सारखेच असल्यामुळे आपलं तिकडे लक्ष जात नाही. लीन लागला की त्यांच्यात फरक पडतो. लीन म्हणजे खात्यातल्या ठरावीक रकमेवर घातलेला अटकाव. पैसे खात्यातच राहतात, तुमच्याच नावावर राहतात, पण ते काढता येत नाहीत आणि दुसरीकडे पाठवताही येत नाहीत.

एसटीच्या सीटवर कोणी रुमाल टाकून ठेवावा, तसं हे आहे. सीट गाडीत असते, मोजणीतही धरली जाते, पण तुम्हाला तिथे बसता येत नाही.

बँकेतली मंडळी यालाच ‘होल्ड’ही म्हणतात. याहून कडक प्रकार म्हणजे ‘डेबिट फ्रीझ’. त्यात पैसे जमा होतात, पण एक रुपयाही बाहेर जात नाही. ‘टोटल फ्रीझ’मध्ये जमाही बंद आणि खर्चही बंद. त्यामुळे “खातं फ्रीझ झालंय” असं कोणी सांगितलं, तर आधी विचारायचं: संपूर्ण खातं की ठरावीक रक्कम? पुढचे सगळे प्रश्न या उत्तरावर अवलंबून आहेत. लीन असेल तर उरलेल्या रकमेतून एटीएम, यूपीआय, धनादेश सगळं नेहमीसारखं चालायला हवं. बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं आणि अडवलेली रक्कम त्या शिलकीतच असते, त्यामुळे तिच्यावरचं व्याज चालू राहतं.

लीन कोण लावतं?

काही लीन तुमच्याच संमतीने लागलेले असतात. शेअर बाजारात आयपीओसाठी अर्ज केला की तेवढी रक्कम खात्यात अडकते. शेअर मिळाले तर ती कापली जाते, नाही मिळाले तर मोकळी होते. काही वेळा बँक स्वतःच्या थकबाकीसाठी रक्कम रोखते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ मध्ये बँकेला असा अधिकार आहे. काही वेळा न्यायालयाचा किंवा आयकर विभागाचा आदेश असतो. या सगळ्यांत कारण शोधणं फार अवघड नसतं, कारण ज्याने लीन लावला तो तुम्हाला ओळखतो आणि बहुधा तुम्हीही त्याला ओळखता.

खरा गोंधळ होतो तो सायबर तक्रारीच्या लीनमध्ये. तक्रार करणारा अनोळखी, पोलीस ठाणं कदाचित दुसऱ्या राज्यातलं, आणि ज्या व्यवहारावरून हे घडलं तो तुमच्या दृष्टीने अगदी साधा. म्हणून पुढे याच प्रकाराबद्दल बोलू.

दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यात कसे पोचतात

समजा, एका माणसाने जुना लॅपटॉप २२,००० रुपयांना विकला. खरेदीदाराने यूपीआयने पैसे पाठवले, लॅपटॉप नेला, विषय संपला. खरेदीदाराने ज्या खात्यातून पैसे दिले, त्या खात्यात आदल्याच दिवशी एका तिसऱ्या माणसाचे दीड लाख रुपये फसवणुकीने आले होते. विकणाऱ्याला हे कळण्याचा कुठलाच मार्ग नव्हता.

तो तिसरा माणूस १९३० या हेल्पलाइनवर फोन करतो किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवतो. ती तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या यंत्रणेतून थेट बँकांपर्यंत जाते. ज्या खात्यात पैसे पहिल्यांदा गेले, त्या खात्याची बँक पाहते की पैसे अजून तिथे आहेत का. असतील तर अडवते. पुढे गेले असतील तर ते कोणत्या खात्यात गेले हे यंत्रणेत नोंदवते, आणि मग त्या पुढच्या बँकेकडे तीच मागणी जाते. या प्रत्येक टप्प्याला ‘लेयर’ म्हणतात. लॅपटॉप विकणाऱ्याचं खातं इथे दुसऱ्या लेयरमध्ये आहे.

ही साखळी कोणाचाही हेतू तपासत नाही. ती फक्त पैसा कुठून कुठे गेला एवढंच पाहते, आणि घाईने पाहते, कारण फसवणारे काही मिनिटांत पैसे पाच-सात खात्यांत फिरवून रोख काढून घेतात. ज्याचे दीड लाख गेले, त्याच्यासाठी ही घाई योग्यच आहे. आधी तुम्हाला नोटीस देऊन पंधरा दिवस थांबायचं ठरलं, तर खऱ्या भामट्यालाही तेच पंधरा दिवस मिळतील. माझा आक्षेप अडवण्याला नाही. अडवल्यानंतर खातेदाराला कारण सांगण्यात जी दिरंगाई होते, तिला आहे.

पगार जमा होतो आणि तरी हप्ता चुकतो

लॅपटॉप विकून दहा-बारा दिवस झाले. त्या २२,००० पैकी बरेच पैसे खर्च झाले आणि खात्यात ९,६०० रुपये उरले. अशा वेळी २२,००० रुपयांचा लीन लागला. आता उपलब्ध शिल्लक किती? ९,६०० वजा २२,०००, म्हणजे उणे १२,४००. काही अ‍ॅपवर हा उणे आकडा दिसतो, काहींवर नुसतं शून्य दिसतं. खातेदाराने बँकेचं काही देणं ठेवलेलं नसतं. अडवायच्या रकमेपेक्षा खात्यात कमी पैसे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मग पगाराचे ४१,००० रुपये जमा होतात. एकूण शिल्लक ५०,६००. माणूस तोच आकडा पाहतो आणि निर्धास्त होतो. पण पगारातले पहिले १२,४०० रुपये लीनची तूट भरण्यात अडकले. उपलब्ध राहिले २८,६००. हप्ता २९,५०० चा. नऊशे रुपये कमी पडले म्हणून पूर्ण हप्ता परत गेला, कारण हप्ता अर्धामुर्धा कापला जात नाही. त्यावर बँकेचं परतीचं शुल्क, कर्ज देणाऱ्याचा दंड, आणि हप्ता लवकर भरला नाही तर कर्जाच्या नोंदीत उशिराचा शेरा.

म्हणून लीन असताना एकूण शिल्लक पाहून कुठलाही व्यवहार करू नये. अ‍ॅपमध्ये खात्याच्या तपशिलात ‘उपलब्ध’ आणि ‘लीन’ किंवा ‘होल्ड’ अशा वेगळ्या ओळी असतात. पासबुकात आणि खातेउताऱ्यात मात्र लीन बहुधा दिसतच नाही, कारण पैसे कापले गेलेले नसतात आणि उताऱ्यात फक्त जमा-खर्च छापला जातो. दिलेले धनादेश आणि हप्त्यांच्या तारखा उपलब्ध आकड्याशी ताडून पाहायच्या. कमी पडत असेल तर कर्ज देणाऱ्याला आधीच लेखी कळवून हप्ता दुसऱ्या खात्यातून भरायचा. पगारही दुसऱ्या बँकेतल्या स्वतःच्या खात्यात वळवता येतो. आदेश या एका खात्यापुरता असेल तर त्यात गैर काही नाही.

‘ते पैसे तर मी केव्हाच खर्च केले’

हा आक्षेप अगदी स्वाभाविक आहे. लॅपटॉपचे पैसे गेले, खात्यात आहे तो पगार. मग पगार का अडवता? कारण बँक नोटा ओळखत नाही. खात्यातली सगळी रक्कम एकच असते. त्यातले हे पैसे लॅपटॉपचे आणि ते पगाराचे, असे कप्पे तिथे नसतात. २२,००० चा लीन लावायला सांगितलं की प्रणाली खात्यात जे काही आहे आणि पुढे जे येईल त्यातून तेवढा आकडा पुरा करते.

हे न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. ‘माझ्या पगाराचा या व्यवहाराशी काही संबंध नाही’ हे तुम्ही पोलिसांपुढे किंवा न्यायालयापुढे मांडू शकता आणि मांडायलाच हवं. पण बँकेच्या काउंटरवर त्यावर वाद घालून काही निष्पन्न होत नाही. तिथल्या माणसाकडे तो निर्णय घेण्याचा अधिकारच नसतो.

‘म्हणजे मी आरोपी झालो का?’

नाही. लीन रकमेवर असतो, माणसाच्या चारित्र्यावर नाही. तुमच्या खात्यातून पैसा गेला एवढंच तपासात दिसलेलं असतं. पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. बँक खातं हीसुद्धा अशी मालमत्ता ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. त्याच कलमात पोलिसांवर एक बंधनही आहे. अशी कारवाई केली की तिची माहिती विनाविलंब दंडाधिकाऱ्यांना द्यायची. ती दिली का, हा प्रश्न विचारायला खातेदार बहुतेक वेळा विसरतात.

पोलिसांचा ईमेल किंवा नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका. साक्षीदार किंवा व्यवहाराची माहिती असलेली व्यक्ती म्हणूनही बोलावलं जातं. उत्तर न देणाऱ्या खातेदाराबद्दल संशय वाढतो, आणि लीन तर सुटत नाहीच.

आकडा जुळतो का, हे आधी पाहा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. लीनची रक्कम आणि वादग्रस्त व्यवहाराची रक्कम सारखी आहे का? आपल्या उदाहरणात खात्यात आले २२,००० रुपये. लीनही २२,००० चाच असायला हवा. पण कधी चुकून पूर्ण तक्रारीची रक्कम, म्हणजे दीड लाख, अडवली जाते. कधी एकाच व्यवहारावर दोनदा लीन लागतो. कधी ठरावीक रक्कम रोखायची असताना अख्खं खातंच गोठवलं जातं.

अशी चूक असेल तर तुमची बाजू भक्कम असते. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बँकांना सांगितलं की गोठवणूक पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतीच ठेवा, उरलेलं खातं मोकळं करा. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका माणसाचं प्रकरण आलं. त्याच्या खात्यात वादग्रस्त रक्कम आली होती फक्त १०५ रुपये आणि गोठलं होतं सगळं खातं. न्यायालयाने खातं खुलं करून लीन १०५ रुपयांपुरता ठेवायला सांगितला. म्हणून संपूर्ण खातं बंद असेल तर पहिला अर्ज “सगळं सोडा” असा न करता “वादग्रस्त रकमेइतका लीन ठेवा, बाकी खातं सुरू करा” असा करावा. ही मागणी मान्य करणं बँकेला आणि पोलिसांना सोपं जातं. दरम्यान घरखर्च सुरू राहतो आणि मूळ वाद शांतपणे लढता येतो.

बँकेत काय विचारायचं, पोलिसांना काय पाठवायचं

शाखेत तोंडी चौकशी करून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. लीन किती रकमेचा आणि कोणत्या तारखेचा? सायबर तक्रारीचा १४ अंकी पोचक्रमांक काय? कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याने कळवलं आणि तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल कोणता? आणि माझ्या खात्यातला नेमका कोणता व्यवहार वादात आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तारीख, रक्कम आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक यासह मागा. व्यवहार कळल्याशिवाय तुम्ही खुलासा कशाचा करणार?

मग तपास अधिकाऱ्याला अर्ज. तो लांबलचक नको, पण एका बैठकीत वाचून सगळं कळेल असा हवा. लॅपटॉप विकणाऱ्याने त्यात खरेदीचं मूळ बिल, विक्रीची जाहिरात, खरेदीदाराशी झालेले संदेश, त्याचा मोबाइल क्रमांक, वस्तू दिल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि त्या महिन्याचा खातेउतारा जोडावा. उताऱ्यात ती २२,००० ची ओळ अधोरेखित करावी. पैसे आल्यावर ते लगेच पुढे कुणाला पाठवले गेले नाहीत, नेहमीच्या घरखर्चात गेले, हे उताऱ्यातून दिसतं. त्याचा फार उपयोग होतो, कारण फसवणाऱ्यांना वापरायला भाड्याने दिलेल्या खात्यांत नेमकं उलटं दिसतं: पैसा येतो आणि काही मिनिटांत जवळजवळ सगळाच निघून जातो.

अधिकाऱ्याचं समाधान झालं तर तो लीन काढण्याबाबत आपल्या अधिकृत ईमेलवरून बँकेला कळवतो. तुमच्या हातात दिलेल्या पत्रावर बँक बहुधा लगेच विसंबत नाही, ते खरं आहे का याची खातरजमा करते. म्हणून पत्र मिळालं तरी ते थेट बँकेलाही पाठवायची विनंती करा.

‘समोरच्याला पैसे परत केले तर सुटेल ना?’

इथे मात्र फार सावध राहायला हवं. अनेकांना वाटतं, २२,००० साठी एवढी कटकट कशाला, देऊन टाकू. तक्रारदार म्हणवणाऱ्या माणसाचा फोन येतो, “माझे पैसे या क्रमांकावर पाठवा, मी तक्रार मागे घेतो.” तो खरंच तक्रारदार आहे याची तुम्हाला खात्री नसते. शिवाय तुम्ही परस्पर दिलेले पैसे यंत्रणेत नोंदले जात नाहीत. तुमचे २२,००० हातचे जातात आणि लीनचे २२,००० तसेच अडकून राहतात. रक्कम परत द्यायची तयारी असेल तर तसं तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. लीनमधूनच ती रक्कम तक्रारदाराला देण्याचा आदेश निघू शकतो.

पैसे घेऊन ‘लीन काढून देतो’ म्हणणारे मध्यस्थही असतात. ओटीपी, पिन किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप मागणारा माणूस बँकेचाही नसतो आणि पोलिसांचाही नसतो.

कुणीच उत्तर देत नसेल तर

बँक माहितीच देत नसेल, चुकीची रक्कम अडवली असेल किंवा पोलिसांनी सोडायला सांगूनही सोडत नसेल, तर आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. पण लोकपाल बँकेच्या सेवेतल्या त्रुटी पाहतो. पोलिसांचा आदेश योग्य की अयोग्य, हे तो ठरवत नाही.

पोलिसांकडूनच उत्तर नसेल, तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. न्यायालय कधी हमीपत्र घेऊन रक्कम मोकळी करतं, म्हणजे पुढे गरज पडली तर ती परत भरण्याची लेखी हमी तुम्ही द्यायची. शेवटचा मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिका. रक्कम लहान असेल तर हा खर्च परवडत नाही, आणि दूरच्या राज्यातल्या पोलीस ठाण्यामुळे अडकलेला सामान्य खातेदार नेमका इथेच हतबल होतो. म्हणून सुरुवातीचे लेखी अर्ज आणि त्यांच्या तारखा जपून ठेवा. पुढे कुठेही गेलात तरी तुम्ही कधी, कुणाला आणि काय कळवलं होतं, हेच आधी विचारलं जातं.

आणि पैसे तक्रारदारालाच मिळाले तर?

असंही होऊ शकतं. आदेश तक्रारदाराच्या बाजूने निघाला तर २२,००० रुपये खात्यातून कापले जातात, आणि तेव्हा ती नोंद उताऱ्यात दिसते. लॅपटॉप विकणाऱ्याची मग वस्तूही गेली आणि पैसेही गेले. आता फसवला गेलेला माणूस तोही आहे. खरेदीदाराचा मोबाइल क्रमांक, संदेश आणि यूपीआय आयडी त्याच्याकडे असतोच. तेवढ्यावर तो १९३० वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतःची तक्रार नोंदवू शकतो. त्यासाठी आदेश निघेपर्यंत थांबायचीही गरज नाही. व्यवहार वादात असल्याचं कळलं, त्याच दिवशी ती नोंदवली तर पहिल्या तपास अधिकाऱ्याला पाठवायच्या अर्जातही तिची प्रत जोडता येते.